चेसमधला बाजार, विकेट पडल्यावर बुक सेट करायचं गणित: प्रकल्प नोंदी

११ ऑक्टोबर २०२५, डिचोली

सुरुवात केली एकदाची. मामेभाऊ म्हापश्याहून आला, दोन वही आणि माझा जुना लॅपटॉप एवढंच सामान. काम काय ते आधी लिहून ठेवतो म्हणजे मागाहून वाद नको. क्रिकेटच्या बेटिंग एक्स्चेंजवर मॅच चालू असताना चेस करणाऱ्या टीमचा भाव कसा हलतो, आणि आपल्या हातात आधीच टाकलेला एखादा सौदा, म्हणजे पोझिशन, असेल तर विकेट पडल्यावर किंवा रनरेट फिरल्यावर किती रकमेचा उलटा सौदा टाकायचा म्हणजे दोन्ही बाजूला सारखे पैसे दिसतील, ह्याचं एक शीट बनवायचं. स्क्रीनवर दोन्ही आकडे हिरवे होतात म्हणून त्याला ग्रीन-अप म्हणतात, आपल्याकडची माणसं बुक सेट करणं म्हणतात.

सगळं कागदावरच. २०२५च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन मनी गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला, त्यात हे सरळ सरळ येतं, आणि पणजीला मांडवीत कॅसिनो उभे आहेत म्हणून गोव्यात सगळं चालतं असं जे बाहेरच्या लोकांना वाटतं तेही खरं नाही, कॅसिनोची परवानगी वेगळी आणि मोबाईलवर मॅच लावणं वेगळं. त्यामुळे पैसा एक रुपयाचाही नाही, फक्त गणित. भाऊ अकाउंट्समध्ये आहे, त्याला गणिताचंच वेड, मला क्रिकेटचं.

शब्द ठरवून घेतले. टीम जिंकेल ह्यावर पैसे टाकणं म्हणजे लावणं. जिंकणार नाही ह्यावर दुसऱ्याचा सौदा घेणं म्हणजे खाणं. भाव दशांशात धरायचा, १.२० म्हणजे १०० लावले तर परत १२०, त्यातले २० नफा. बुकीवाले वीस पैसे म्हणतात तेच हे. १.२० चा भाव म्हणजे बाजाराच्या मते जिंकायची शक्यता साधारण ८३ टक्के, १ ला भावानं भागलं की झालं.

१२ ऑक्टोबर

मॅच कुठली घ्यायची ह्यावर फार वेळ गेला नाही. २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल. भारत १७६, साउथ आफ्रिकेला १७७. कारण हा चेस सगळ्यांना बॉल न बॉल पाठ आहे, आणि ह्यात जे शिकायचंय ते सगळं शेवटच्या पाच ओव्हरीत सापडतं. १५ ओव्हर संपल्या तेव्हा आफ्रिका १४७ वर ४, क्लासेननं अक्षरच्या एकाच ओव्हरीत २४ चोपलेले, ३० बॉलमध्ये ३० हवेत आणि हातात सहा विकेट. घरोघरी टीव्ही बंद केले लोकांनी त्या वेळी.

पुढचं ओव्हरवार असं आहे. १६वी बुमराह, चार रन, २४ बॉलमध्ये २६. १७वी हार्दिक, पहिल्याच बॉलला क्लासेन पंतकडे कॅच, २७ बॉलमध्ये ५२ करून गेला, आणि ओव्हरमध्ये चारच रन, १८ बॉलमध्ये २२. १८वी बुमराह, यान्सेन बोल्ड, दोन रन, १२ बॉलमध्ये २०. १९वी अर्शदीप, चार रन, ६ बॉलमध्ये १६. २०वीच्या पहिल्या बॉलला मिलर, बाउंड्रीवर सूर्यकुमारचा तो कॅच. १६९ वर ८, सात रननी गेली मॅच.

भाव मात्र आम्ही आमचे धरलेत. त्या दिवशी खऱ्या बाजारात काय होतं त्याचा हा दावा नाही. भाऊ प्रत्येक ठिकाणी भाव लिहितो, मी पोझिशन सांभाळतो. निकाल माहीत असताना खेळणं म्हणजे फसवणूकच, म्हणून एक नियम घातला, प्रत्येक ठिकाणी दोन फांद्या लिहायच्या, जे झालं ते आणि जे होऊ शकलं असतं ते, आणि निर्णय दोन्हीवर तपासायचा.

१४ ऑक्टोबर

आज मूळ सौदा. १६वी ओव्हर संपली, २४ मध्ये २६, क्लासेन-मिलर खेळतायत, भाऊनं भाव लिहिला १.२०. मी १००० खाल्ले. म्हणजे आफ्रिका जिंकली तर माझे २०० जातात, हरली तर १००० येतात.

आता नवीन माणूस इथंच फसतो, त्याला वाटतं २०० ची जोखीम आणि १००० चं बक्षीस, वा रे वा. पण बाजार वेडा नाहीये. तो म्हणतोय की सहातल्या पाच वेळा आफ्रिका जिंकेल, आणि पाच वेळा २०० घालवले की १००० होतात. जमा-खर्च सारखाच. भाव बरोबर असेल तर ह्यात काहीच कमाई नाही, कमाई तेव्हाच जेव्हा भाव चुकीचा आहे.

म्हणून भाऊ म्हणाला, शेवटापर्यंत थांबायचंच नाही समज, पुढच्या धक्क्यापर्यंतच बघ. दोन रस्ते धर. एकतर रन येत राहतील आणि भाव १.१० वर जाईल, नाहीतर विकेट पडेल आणि भाव १.५० वर उडेल. १.१० ला बाहेर पडलो तर मला साधारण ९१ चा तोटा, १.५० ला बाहेर पडलो तर २०० चा नफा. भाव बरोबर असेल तर ह्यातला पहिला रस्ता दहातल्या सातेक वेळा येणार, दुसरा तीनेक वेळा. गुणाकार केला तर दोन्ही बाजू कटतात, हातात शून्य.

हे मी वहीत लाल पेननं लिहिलं कारण ह्या धंद्यातली बरीच माणसं ह्याच्यावर येऊन अडकतात. "लहान भाव खा, विकेट पडली की सेट कर" असं कोणी सांगत असेल तर त्याला विचारा की जे सात वेळा विकेट पडत नाही त्याचे पैसे कोण देतं. छोट्या भावावर खाणं म्हणजे रोज थोडं थोडं हरणं आणि कधीतरी एकदम जिंकणं, चांगलं वाईट काही नाही त्यात, पण ज्याच्याकडे रोज हरायचं पोट नाही त्यानं करू नये.

१६ ऑक्टोबर

सूत्र. भाऊनं इतकं सोपं करून दिलं की मी तीनदा उलट करून बघितलं. तुमच्या पोझिशनचे दोन आकडे बघायचे, टीम जिंकली तर किती आणि हरली तर किती. दोघांतला फरक घ्यायचा आणि आत्ताच्या भावानं भागायचं. येणारी रक्कम तेवढी लावायची. उणे आली तर तेवढी खायची. बस्स.

```python
def green(win, lose, price):
    stake = (lose - win) / price
    return round(stake, 2)

print(green(-200, 1000, 1.50))   # 800.0
```

क्लासेन गेला, भाव १.५० धरला. जिंकली तर उणे २००, हरली तर १०००, फरक १२००, भागिले १.५०, ८०० लावायचे. आता आफ्रिका जिंकली तर ८०० वर ४०० मिळाले त्यातून २०० गेले, राहिले २००. हरली तर १००० मधून ८०० गेले, राहिले २००. दोन्हीकडे २००. कमिशन ५ टक्के धरलं तर १९०, आणि कमिशन त्या मार्केटमधल्या शेवटच्या नफ्यावर कापतात, प्रत्येक सौद्यावर नाही, हे शीटमध्ये नीट घालायला हवं नाहीतर आकडे चुकतात.

उलटा प्रकार पण चालतो का बघितलं. समजा कोणी १०० लावलेत ३.०० ला आणि भाव २.०० वर आलाय. जिंकली तर २००, हरली तर उणे १००. फरक उणे ३००, भागिले २, उणे १५०, म्हणजे १५० खायचे. दोन्हीकडे ५०. चालतं.

१८ ऑक्टोबर

आज भांडण झालं थोडं, पण कामाचं. मी म्हणलं क्लासेन गेला, ८०० लावले, २०० खिशात, विषय संपला. भाऊ म्हणतो, "अरे पण तुला कोणी सांगितलं की १.५० हा बरोबर भाव आहे? बुक सेट करणं म्हणजे नवीन सौदा करणंच आहे रे, जुन्या सौद्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

मग त्यानं असं मांडलं. १.५० म्हणजे बाजार म्हणतो आफ्रिका ६६.७ टक्के जिंकेल. आता तुला काय वाटतं ते सांग. मिलर क्रीझवर आहे, समोर यान्सेन आला, २३ बॉलमध्ये २६, पण बुमराहची एक ओव्हर बाकी आहे आणि बॉल रिव्हर्स होतोय. मी म्हणलं साठ टक्के. मग तो म्हणाला की तसं असेल तर सेट न करता बसून राहायची किंमत काढ, साठ टक्के वेळा २०० जातात, चाळीस टक्के वेळा १००० येतात, सरासरी २८०. आणि तू २०० वर सोडतोयस. ऐंशी रुपये बाजाराला दान. आणि तुला सत्तर टक्के वाटत असेल तर? मग बसून राहायची किंमत १६०, तेव्हा २०० घे आणि गप्प बस.

म्हणजे प्रश्न "किती नफा दिसतोय" हा नाहीच. प्रश्न हा की माझ्याकडे काहीच पोझिशन नसती तर ह्या भावाला मी आफ्रिका लावली असती का. लावली असती तर सेट कर. नसती लावली तर का लावतोयस? फक्त हिरवा रंग बघायला?

ह्यावर मी म्हणलं की माणूस मशीन नाही, १००० चं २०० झालं तरी रात्रीची झोप लागते त्याचीही किंमत असते. तेही त्याला पटलं, पण म्हणाला की मग ती झोपेची किंमत आहे हे वहीत लिही, नफा म्हणून लिहू नकोस. शीटमध्ये आता एक वेगळा कॉलम आहे, "माझा अंदाज टक्के", तो भरल्याशिवाय पुढचा आकडा येतच नाही.

१९ ऑक्टोबर

आज रात्री नरकासुर, वाड्यावर पोरांचा ढोल चालू आहे, काम नीट होणं शक्य नाही. तरी मधला रस्ता लिहून ठेवतो. अर्धं सेट. पूर्ण ८०० न लावता फक्त एवढे लावायचे की वाईट बाजू शून्यावर येईल. वाईट बाजू २००, भाव १.५०, म्हणजे शंभराला पन्नास मिळतात, तर ४०० लावले की २०० भरून निघाले. आता आफ्रिका जिंकली तर शून्य, हरली तर ६००. तोटा नाही आणि भारताच्या बाजूला ६०० उभे. आपल्याकडे ह्याला फुकटची बाजू म्हणतात, पण भाऊच्या भाषेत फुकट काही नाही, त्याची किंमत आपण पूर्ण सेट न केलेल्या रकमेतून दिलीच आहे.

२३ ऑक्टोबर

दिवाळी संपली, फराळ संपला नाही. आज दोन फांद्या पूर्ण केल्या.

जे झालं ती फांदी: १८वी ओव्हर संपली, १२ मध्ये २०, यान्सेन गेलेला. भाऊनं २.६० लिहिला. माझी पोझिशन शून्य आणि ६००. फरक ६००, भागिले २.६०, २३१ च्या आसपास लावायचे, दोन्हीकडे ३६९ उरतात. म्हणजे क्लासेनवर पूर्ण सेट केलं असतं तर २००, अर्धं करून थांबलो तर ३६९.

जे होऊ शकलं असतं ती फांदी: यान्सेन टिकला, मिलरनं हार्दिकला दोन सिक्स ओढले, भाव १.१५. तीच पोझिशन, ६०० भागिले १.१५, ५२२ लावायचे, दोन्हीकडे ७८. म्हणजे अर्धं सेट केल्यावर वाईट रस्त्यात पण ७८ आहेत, पण पूर्ण सेट केलं असतं तर २०० असते. हा १२२ चा फरक हीच त्या फुकटच्या बाजूची किंमत.

दोन्ही फांद्या शेजारी ठेवल्या की कळतं की "अर्धं सेट केलं म्हणून ३६९ मिळाले" हे अर्धसत्य आहे. यान्सेनचा स्टंप उडाला म्हणून मिळाले.

अजून एक गोष्ट दिसली ती रनरेटची. क्लासेनच्या विकेटनंतरच्या पाच बॉलमध्ये चार रन आले, आणि लागणारा रेट काही आभाळाला गेला नाही, १८ बॉलमध्ये २२ म्हणजे ओव्हरला सातच्या वर जरा. कोणी फक्त रेट बघत असेल तर त्याला वाटेल काही बदललं नाही. पण भाव सरकत असतो कारण बाजार रेट, उरलेले बॉल आणि हातातल्या विकेट एकत्र बघतो, आणि त्यातही पुढचा बॉलर कोण हे बघतो. २४ मध्ये २६ आणि सहा विकेट, आणि १८ मध्ये २२ आणि पाच विकेट पण त्यात बुमराहची ओव्हर, ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉट बॉलनं भाव पायरी पायरीनं चढतो, तेव्हा तुम्हाला प्रत्येक पायरीवर सौदा मिळतो. विकेटला मधल्या पायऱ्याच नसतात.

२५ ऑक्टोबर

वरची ओळ आज आणखी फोडतो कारण शीट इथपर्यंत असं धरून चाललं होतं की विकेट पडली आणि लगेच १.५० ला ८०० लागले. असं होत नाही.

काही ठिकाणी बॉल टाकला जात असताना मार्केटच थांबवतात, स्क्रीनवर बॉल रनिंग येतं, आणि परत उघडतं तेव्हा भाव आधीच उडी मारून बसलेला असतो. काही ठिकाणी मार्केट उघडं राहतं पण कॅच हवेत गेला की लोक आपले पैसे काढून घेतात आणि समोर काही उरतच नाही. शिवाय सौदा टाकल्यावर तो काही सेकंद अडकवून मग जोडतात, आणि टीव्ही किंवा मोबाईलचं चित्र तर मैदानाच्या मागे असतंच. म्हणजे तुम्ही विकेट बघता तेव्हा ती जुनी बातमी आहे. विकेट बघून खायला जाणारा माणूस नेहमी उशिरा पोचतो, कमाई त्याचीच ज्यानं आधी खाल्लेलं होतं.

आणि परत उघडल्यावर दोन भावांमधली दरी रुंद असते. एरवी लावायचा १.४९, खायचा १.५० असेल, विकेटनंतरचे काही क्षण लावायला १.४५ मिळतो आणि खायला १.६० मागतात. १.४५ ला घाईत सेट केलं तर ८२८ लावावे लागतात आणि २०० ऐवजी १७२ उरतात. २८ रुपये घाईचे. थांबून १.५५ ला ऑर्डर लावून ठेवली आणि घाबरलेलं कोणीतरी आलं तर २२६. पण तेवढ्यात नव्या बॅट्समननं पहिल्याच बॉलला फोर मारला आणि भाव १.३८ वर आला तर १३०. भाऊ म्हणतो त्या दरीतच बाजारातल्या पक्क्या माणसांचं पोट चालतं.

शीटमध्ये आता भाव दोन घालायचे, लावायचा वेगळा आणि खायचा वेगळा. लावायचं असेल तर लहान भावानंच हिशोब करायचा.

२७ ऑक्टोबर

मिलरचा कॅच. हे एकट्यानं बसून केलं, लाईट गेलेली, पाऊस अजून गेला नाही ह्या वर्षी.

पोझिशन अजून शून्य आणि ६०० अशीच धरली, १८व्या ओव्हरनंतर काही केलं नाही असं समजून. २०वी ओव्हर, पहिला बॉल, फुलटॉस, मिलरनं उचलला, सूर्यकुमारनं दोरीच्या आत घेतला, वर फेकला, बाहेर जाऊन परत आत येऊन पकडला. थर्ड अंपायर बघतोय. आता मॅचचे दोन वेगळे शेवट एकाच वेळी जिवंत आहेत. सिक्स असेल तर ५ बॉलमध्ये १० आणि मिलर क्रीझवर, भाव १.८० धरला. आउट असेल तर ५ बॉलमध्ये १६ आणि समोर तळाचे बॅट्समन, भाव २५. मधलं काहीच नाही.

मग रिप्ले चालू असताना भाव काय असावा? ऐंशी टक्के लोकांना आउट वाटतंय असं धरलं तर आफ्रिकेची शक्यता साधारण १४ टक्के निघते, भाव ७ च्या आसपास. हा भाव मॅचच्या कुठल्याच खऱ्या अवस्थेचा नाही, तो फक्त शंकेचा भाव आहे. ७ ला सेट केलं तर ८६ लावायचे, ५१४ उरतात. आउट ठरल्यावर २५ ला केलं तर ५७६. सिक्स ठरल्यावर १.८० ला केलं तर २६७. सरासरी काढली तर ५७६ च्या ऐंशी टक्के आणि २६७ च्या वीस टक्के, परत ५१४ च येतात. म्हणजे रिप्लेमध्ये सेट करण्यात ना फायदा ना तोटा, जोपर्यंत तुमचा डोळा बाकीच्यांपेक्षा चांगला नाही. आणि ज्यांच्याकडे तुमच्या आधी चित्र पोचतं त्यांचा डोळा तुमच्यापेक्षा चांगलाच असणार. अशा वेळी हात बांधून बसणं हा पण निर्णय आहे, शीटमध्ये त्यासाठी "रिव्ह्यू चालू" असा खूण करायचा रकाना घातला, तो टिक केला की स्टेक निघतच नाही.

३० ऑक्टोबर

आज चालू मॅचवर पहिल्यांदा. बायकांचा वर्ल्ड कप सेमीफायनल, नवी मुंबई, ऑस्ट्रेलिया ३३८, आपल्याला ३३९. भाऊ म्हापश्याहून फोनवर, मी घरी, भाव तोच सांगणार आणि मी बंद डोळ्यानं घेणार.

इथं पोझिशन उलटी घेतली. ५९ वर दोन गेल्या, शफाली आणि स्मृती दोघी बाहेर, भाऊनं ५.०० सांगितला, मी १०० लावले भारतावर. जिंकलो तर ४००, हरलो तर उणे १००. जेमिमा आणि हरमननं मग जे काही केलं ते सगळ्यांनी बघितलंय, १६७ ची पार्टनरशिप. भाव हळूहळू उतरत आला. २.०० वर आला तेव्हा मी विचारलं आता? फरक ५००, भागिले २, २५० खाल्ले तर दोन्हीकडे १५०. मी तेवढे न खाता फक्त १०० खाल्ले, जिंकलो तर ३००, हरलो तर शून्य.

थोड्या वेळानं २२६ वर हरमन गेली, ८९ करून. अजून ११३ हवे, सात विकेट हातात. भाऊ म्हणाला २.६०. काही केलंच नसतं तर आता सेट करायला फक्त ९२ उरले असते, १५० चे ९२.

आज खरं ते हे कळलं की खाल्लेली पोझिशन विकेटनंतर सेट होते आणि लावलेली पोझिशन विकेटच्या आधी, रन वाहत असताना. ऐकायला साधं आहे, पण मोबाईल हातात असलेला माणूस नेमका उलटं करतो. पार्टनरशिप मस्त चाललीये तेव्हा त्याला अजून हवं असतं, आणि विकेट पडल्यावर घाबरून काढून टाकतो, म्हणजे सगळ्यात वाईट भावाला आणि सगळ्यात रुंद दरीत.

जेमिमा ८२ वर असताना हिलीनं कॅच सोडला तेव्हा भाऊला मुद्दाम विचारलं, भाव काय? तो म्हणाला होता तोच. स्कोअरबोर्ड हलला नाही. पण खऱ्या बाजारात बॉल हवेत असताना कोणीतरी नक्की खाल्लं असणार आणि कॅच सुटल्यावर त्याला महाग परत लावावं लागलं असणार. स्कोअरकार्डवरून मागाहून शीट चालवणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. बॉल बाय बॉल डेटा आहे म्हणून आपण बाजार परत उभा केला असं समजणाऱ्यांसाठी ही एक जागा बघण्यासारखी आहे.

भारत जिंकला, ३४१ वर ५, नऊ बॉल राखून, जेमिमा १२७ नाबाद. कागदावर ३००. फोनवर भाऊ ओरडत होता, हिशोब उद्या म्हणाला.

१ नोव्हेंबर

हिशोब झाला. एक गोष्ट भाऊच्या लक्षात आली, वनडेत हरमनच्या एका विकेटनं भाव २.०० वरून २.६० वर गेला, म्हणजे शक्यता ५० वरून ३८ वर, बारा टक्के. टी-ट्वेंटीत क्लासेनच्या विकेटला ८३ वरून ६७, सोळा-सतरा टक्के. भावाच्या आकड्यात बघितलं तर वनडेची उडी मोठी वाटते, ०.६० आणि इकडे फक्त ०.३०. म्हणून उड्यांची तुलना भावात करायचीच नाही, टक्क्यात करायची. दोन्ही भाव आमचेच होते त्यामुळे ह्यावरून वनडे आणि टी-ट्वेंटीबद्दल काही सिद्ध होत नाही, पण शीट दोन्ही आकडे शेजारी दाखवेल असं केलं.

राहिलेलं काम: भावाच्या पायऱ्या. २.०० च्या खाली ०.०१ नं चढतो, २ ते ३ मध्ये ०.०२, ३ ते ४ मध्ये ०.०५, ४ ते ६ मध्ये ०.१०. शीट अजून २.५७ सारखे भाव घेतं जे स्क्रीनवर असूच शकत नाहीत. ते गोल करायचं, लावताना खालच्या पायरीवर आणि खाताना वरच्या. भाऊ पुढच्या रविवारी येतोय, तोपर्यंत मी १९ व्या ओव्हरीचं, अर्शदीपच्या चार रनांचं, बॉल न बॉल भरून ठेवतो, कारण तिथं विकेट नाही आणि तरी भाव दुप्पट होतो, आणि तिथं प्रत्येक बॉलला थोडं थोडं सेट केलं तर एकदम करण्यापेक्षा काय फरक पडतो ते बघायचंय.